दरपत्रकाच्या ईमेलला उघडला जाईल असा विषय कसा द्यावा

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांना पाठवायचे आहे, पीडीएफ तयार आहे आणि विषयाच्या जागी आपण सवयीने ‘कोटेशन’ एवढेच टाइप करतो. पावसाआधी कामे उरकण्याच्या गडबडीत त्याच सचिवांकडे आणखी दोन-तीन ठेकेदारांचे मेल नेमक्या याच नावाने आलेले असतात. शिवाय सचिवपद हे बहुधा नोकरी सांभाळून करायचे काम असल्यामुळे, मेल आत्ता उघडायचा की रविवारवर ढकलायचा, हे प्रवासात फोन चाळता चाळता ठरते.

आधी पाठवणाऱ्याचे नाव तपासा. तिथे तुमच्या फर्मचे नाव दिसत असेल, तर ते विषयात पुन्हा लिहू नका.

आता खरी अडचण, ती म्हणजे पहिले चार शब्द. मी स्वतः सर्वांत जास्त अडखळलो तो याच टप्प्यावर. उभ्या धरलेल्या फोनवर विषयाची साधारण तीस ते चाळीस अक्षरेच दिसतात आणि पुढचे सगळे कापले जाते. ‘आपल्या सोसायटीच्या इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या कामाचे दरपत्रक सादर करीत असल्याबाबत’ हा विषय व्याकरणाने निर्दोष आहे, पण सचिवांना त्यातले ‘आपल्या सोसायटीच्या इमारतीच्या’ एवढेच दिसते, म्हणजे काहीच कळत नाही. म्हणून कामाची ओळख अगदी सुरुवातीला यायला हवी, आणि तीही आपल्या धंद्याच्या भाषेत नव्हे, तर ग्राहकाच्या भाषेत. सचिवांनी फोनवर ‘आमच्या बी विंगची गच्ची गळते आहे’ असे सांगितले असेल, तर विषयात ‘बी विंग’ आणि ‘गळती’ हे शब्द आलेच पाहिजेत; ‘टेरेस ट्रीटमेंट’ हे तुमचे नाव त्यांच्या डोक्यात नसते. त्यांनी विचारणा ईमेलने केली असेल, तर ती उघडून त्यातलेच शब्द उचला. याचा दुसरा फायदा समितीच्या बैठकीत होतो, कारण तिथे दरपत्रक शोधताना सचिव मेलच्या शोधपट्टीत स्वतःचेच शब्द टाइप करतात.

त्या हिशेबाने वरचा विषय असा होतो: ‘बी विंग गच्ची गळती: दरपत्रक, 15 मेपर्यंत’. तारीख मुद्दाम दिली आहे. ‘दर पंधरा दिवस वैध’ असे लिहिले की वाचणाऱ्याला मेलची तारीख पाहून दिवस मोजावे लागतात, आणि ते कोणी मोजत नाही. मात्र पीडीएफमध्ये हीच तारीख असली पाहिजे, आणि ती खरी असली पाहिजे. 16 मे रोजीही तुम्ही तोच दर देणार असाल, तर ती विषयातून काढून टाका.

विषयात रक्कम टाका, म्हणजे लक्ष वेधले जाईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. एकाने ब्रिकबॅट कोबा उखडून नव्याने करण्याचा दर दिलेला असतो, दुसऱ्याने जुन्या कोब्यावर नुसते केमिकल कोटिंग धरलेले असते, तिसऱ्याने 18 टक्के जीएसटी वगळलेला असतो. असे आकडे विषयात शेजारी-शेजारी आले की मोठा आकडा न उघडताच मागे पडतो, आणि त्यात काय काय समाविष्ट आहे हे वाचलेच जात नाही. ‘तातडीचे’, ‘खास सवलत’ आणि उद्गारचिन्हे यांनी मेल जाहिरातीसारखा दिसू लागतो. पूर्वीचा पत्रव्यवहार नसताना विषयाआधी ‘Re:’ लावणे ही तर सरळ फसवणूक आहे, आणि ती मेल उघडताक्षणी उघडी पडते.

बऱ्याच फोनवर विषयाखाली मजकुराची पहिली ओळ दिसते, तेव्हा नमस्कार एका शब्दात आटोपून लगेच ‘मंगळवारी घेतलेल्या मोजमापानुसार दर सोबत जोडले आहेत’ असे लिहा. पाठवण्याआधी मेल स्वतःच्या पत्त्यावर धाडून फोनवर पाहा. ‘गळती’ हा शब्द दिसण्याआधीच विषय कापला जात असेल, तर सुरुवात अजून लांब आहे.

सुधारित दरपत्रकाच्या वेळी थोडा विचार करावा लागतो. फक्त दर कमी केला असेल, तर आधीच्याच मेलला उत्तर द्या आणि विषयाला हात लावू नका, कारण जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून नवे सुरू होते. काम बदलले असेल, उदाहरणार्थ पाण्याच्या टाकीखालचा भाग वाढला असेल, तर मात्र नवा मेल करा आणि बदल विषयातच सांगा: ‘बी विंग गळती, टाकीसह: सुधारित दर’. असे न केल्यास समितीसमोर जुनी पीडीएफ छापून जाण्याचा धोका असतो. उत्तर न आल्यास आठवणही मूळ मेलखालीच पाठवा, परंतु उत्तर देताना जोडपत्र आपोआप सोबत जात नाही, त्यामुळे पीडीएफ पुन्हा जोडा.