सणाच्या आठवड्यात लोक भरलेली कार्ट कुठे सोडून गेले, हे ऑर्डरच्या डेटातून कसं शोधायचं

एका पुस्तकाच्या दुकानाची गोष्ट घेऊ (आकडे समजायला सोपे पडावेत असे घेतलेत). दुकान ऑनलाइनही चालतं, सण रविवारी होता. तो आठवडा उलटल्यावर मालकीणबाई रिपोर्ट उघडून बसल्या तर 640 कार्ट भरलेल्या आणि ऑर्डरी फक्त 160. म्हणजे 480 कार्ट वाऱ्यावर. पहिला विचार हाच आला की आपण महाग पडतोय, पुढच्या सणाला सरसकट डिस्काउंट लावू. हा निर्णय तिथेच थांबवायचा, कारण 480 हा कच्चा आकडा आहे आणि त्यातून अजून काहीच कळत नाही. ऑनलाइन खरेदीत कार्ट सोडून जाणं तसंही नेहमीचंच, बेमार्ड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने बऱ्याच अभ्यासांची काढलेली सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे किती सोडल्या यापेक्षा कुठे सोडल्या आणि नेहमीच्या आठवड्यापेक्षा वेगळं काय झालं, हे बघायचं.

आधी डेटा साफ करा

दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून दोन फाइली एक्सपोर्ट करा, एक कार्टची आणि एक ऑर्डरची. कार्टच्या फाइलीत ईमेल, कार्ट कधी बनली, शेवटचं पान कोणतं उघडलं, आत कोणती पुस्तकं होती आणि डिलिव्हरीची कोणती तारीख दाखवली, एवढं मिळालं तरी पुष्कळ. तारखेचा कॉलम बऱ्याच जणांकडे नसतो, पण या गोष्टीत सगळा उलगडा तिथेच आहे, म्हणून आजपासून तो साठवायला लावा.

आता एकाच माणसाच्या अनेक कार्ट शोधायच्या. लोक प्रवासात फोनवर पुस्तकं टाकून ठेवतात आणि रात्री लॅपटॉपवरून नवीन कार्ट बनवून घेतात, मग फोनवरची कार्ट सोडलेली दिसते पण गिऱ्हाईक काही गेलेलं नसतं. कार्टच्या शीटमध्ये ईमेल A कॉलमला आणि वेळ C ला असेल, ऑर्डरच्या शीटचं नाव orders असेल आणि तिथे ईमेल B ला, वेळ D ला असेल तर हे लावा:

```
=COUNTIFS(orders!B:B,A2,orders!D:D,">="&C2,orders!D:D,"<="&C2+7)
```

उत्तर 1 किंवा जास्त आलं तर त्या माणसाने कार्ट बनवल्यापासून सात दिवसांत खरेदी केलीय, ती ओळ बाजूला काढा. तारखा मजकूर म्हणून सेव्ह झाल्या असतील तर सगळीकडे 0 किंवा एरर येते. म्हणून ज्याने नक्की घेतलंय असं माहीत आहे अशा एका गिऱ्हाइकावर आधी तपासून बघा. ईमेल न टाकता गेलेल्यांच्या जोड्या लागणार नाहीत, त्यामुळे तो आकडा थोडा फुगलेलाच राहील हे धरून चला.

पेमेंटच्या पानावर अडकलेल्या ओळी गेटवेच्या नोंदींशी मात्र लगेच ताडून बघा, कारण कधीकधी पैसे कापले जातात आणि ऑर्डर बनतच नाही, तो माणूस कार्ट सोडून गेलेला नाही, तो आपल्या पुस्तकांची वाट बघतोय.

या दुकानात नंतर खरेदी केलेले, डबल झालेले आणि बॉट किंवा टेस्टिंगचे असे 180 गाळले गेले. उरले 300.

मग पानांप्रमाणे वाटून घ्या

या 300 पैकी 170 जण चेकआउटला आलेच नव्हते. यातले बरेच जण कार्टचा वापर यादीसारखा करतात, पुस्तकांच्या बाबतीत तर फारच, त्यांच्यामागे लागू नका. उरलेल्या 130 पैकी 20 पत्त्याच्या पानावर थांबले, 80 डिलिव्हरीच्या पानावर आणि 30 पेमेंटवर.

80 मोठा आहे का? ते पान किती जणांनी पाहिलं त्याच्याशी तुलना करा. तिथले 80, पेमेंटचे 30 आणि खरेदी केलेले 160, म्हणजे 270 जण डिलिव्हरीच्या पानापर्यंत पोचले होते आणि शंभरातले साधारण तीस तिथूनच परत फिरले. या दुकानात एरवी हे प्रमाण शंभरात आठ-दहा असतं. मालकीणबाईंना वाटलं डिलिव्हरी चार्ज नडला असणार, आणि शंका चुकीची नव्हती, वरून लागणारे खर्च हे कार्ट सोडण्याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण आहे. पण चार्ज तर आदल्या आठवड्यातही तेवढाच होता, मग जे बदललंच नाही त्याने अचानक एवढी उडी कशी येईल? म्हणून त्यांनी ते 80 वारांप्रमाणे लावले. सोमवार ते बुधवार फक्त 14. गुरुवारपासून पुढे 66.

म्हणजे चार्ज नाही, तारीख. गुरुवारनंतर बऱ्याच जणांना सणानंतरची तारीख दिसत होती.

पण त्याच दिवसांत बाकीच्यांनी खरेदी केली ती कशी? हे पॅकिंगवाल्या मुलाने एका वाक्यात सांगितलं, "ताई, कार्टमधली बाकीची पुस्तकं शेल्फवरच असतात, एखादंच प्रकाशकाकडून मागवायचं असतं, पण सिस्टीम सगळ्या ऑर्डरीला त्याचीच तारीख लावते." मग त्यांनी एक कॉलम वाढवला, कार्टमध्ये मागवून द्यायचं पुस्तक आहे की नाही. असं पुस्तक असलेले 66 जण डिलिव्हरीच्या पानापर्यंत आले होते, त्यातले 50 तिथूनच गेले. नसलेले 204 आले होते, त्यातले 30 गेले. (वरचा 66 आणि हा 66 वेगळे आहेत, गल्लत करू नका.) कार्टमधली चार पुस्तकं वेळेत मिळाली असती, पाचव्यामुळे सगळंच हातचं गेलं.

इथे जरा सांभाळून. डेटा माणूस कुठे थांबला ते दाखवतो, का थांबला ते नाही. मागवून द्यायची पुस्तकं महागही असू शकतात, म्हणून साधारण सारख्या रकमेच्या कार्ट समोरासमोर ठेवून फरक टिकतो का बघा. आणि एखाद्या गटात पाच-सातच ओळी असतील तर त्यावरून काही ठरवू नका.

दुरुस्ती कुठे करायची

अंदाजे तारीख पुस्तकाच्या पानावरच दाखवा, म्हणजे चेकआउटला धक्का बसत नाही. आणि डिलिव्हरीच्या पानावर "आहेत ती आत्ता पाठवा, उरलेलं नंतर" असा पर्याय द्या. यात पॅकिंग आणि कुरिअर दोनदा लागतं, त्यामुळे छोट्या ऑर्डरीवर हे परवडत नाही. तिथे मागवायचं पुस्तक वेगळ्या ऑर्डरीत टाकायला सुचवा. कुरिअर उचलायची शेवटची वेळ आणि लांबच्या पत्त्यांना लागणारे जास्तीचे दिवस धरूनच तारीख दाखवा, नाहीतर कार्ट वाचेल आणि तक्रार येईल.

आठवणीचा मेसेज ज्यांनी संमती दिलीय त्यांनाच जाऊ द्या, आणि पाठवायच्या आधी वरचा फॉर्म्युला परत चालवा. तारखेमुळे गेलेल्याला डिस्काउंटचं कुपन पाठवून काही उपयोग नाही, त्याला "यातली चार पुस्तकं शनिवारपर्यंत पोचतील" हे वाक्य पाहिजे.

पुढच्या सणाला एकूण कार्ट मोजत बसू नका, शेवटच्या तीन दिवसांत मागवायचं पुस्तक घेऊन डिलिव्हरीच्या पानावर आलेल्यांपैकी किती पुढे गेले तेवढं बघा, आणि वेगळं पाठवायचा पर्याय किती जणांनी निवडला ते त्याच्या शेजारी लिहा. पर्याय कोणीच निवडला नाही आणि लोक तरीही पुढे गेले, तर श्रेय पुस्तकाच्या पानावरच्या तारखेला असू शकतं, मग दोनदा पॅकिंगचा खर्च खरंच करायचा का ते परत तपासा.