गावनिहाय सरासरी पाऊस काढताना या चुका टाळा

ठाणे जिल्ह्याचा गावनिहाय पावसाचा तक्ता तयार झाला, आणि घणसोली, रबाळे, तळवली अशा लागून असलेल्या गावांपुढे जवळजवळ तोच आकडा आला, तर सॉफ्टवेअरवर संशय घेऊ नका. आकडे बरोबर असतील. चूक असलीच तर ती गावागावांत फरक दिसेल या अपेक्षेत आहे.

चिर्प्स हा उपग्रह आणि पर्जन्यमापक यांच्या नोंदींवरून बनवलेला पावसाचा डेटा. त्याचं रास्टर, म्हणजे चौकोनी पिक्सेलांत मांडलेला पावसाचा नकाशा, पुष्कळजण वापरतात. १९८१ पासूनचा डेटा फुकट मिळतो, आणि पिक्सेल ०.०५ अंशांचा असतो. ठाण्याच्या अक्षांशावर म्हणजे उत्तर-दक्षिण साडेपाच किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सव्वापाच. एका पिक्सेलचं क्षेत्र झालं साधारण २९ चौरस किलोमीटर. आपल्याकडची बरीच गावं तीन-चार चौरस किलोमीटरची. एका पिक्सेलच्या पोटात अशी सहा-सात गावं सहज मावतात. हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा ग्रिड घेतलात, तर एका चौकोनात तालुक्याचा मोठा भाग जाईल.

खरा घोळ इथून सुरू होतो, कारण पिक्सेलपेक्षा लहान गावाचं काय करायचं हे प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने ठरवतं. पायथनमधलं `rasterstats` सहसा ज्या पिक्सेलचा मध्यबिंदू गावाच्या हद्दीत पडतो तेवढेच पिक्सेल मोजतं. लहान गावात एकही मध्यबिंदू पडत नाही, आणि सरासरीच्या जागी `None` येतं. क्यूजीआयएसचं `Zonal statistics` आधी मध्यबिंदूच बघतं, पण एक किंवा त्याहून कमी पिक्सेल सापडला तर गुपचूप पद्धत बदलतं आणि पिक्सेलचा जेवढा भाग हद्दीत आहे त्या प्रमाणात वजन देतं. म्हणून तिथे लहान गावांनाही आकडा मिळतो. एकाच तक्त्यात लहान गावांना एक न्याय आणि मोठ्यांना दुसरा, हे मात्र कुठेच लिहून येत नाही. ते कळतं `_count` या रकान्यातून. तिथे ०.१२ दिसलं तर वजन लावलेलं आहे, आणि २, ३ असे पूर्णांक दिसले तर मध्यबिंदू मोजलेले आहेत. पुष्कळजण `_mean` ठेवतात आणि `_count` अडगळ म्हणून काढून टाकतात. माझ्या मते तपासणीसाठी सर्वांत कामाचा रकाना तोच.

फरक किती पडतो हे मानलेल्या आकड्यांवर पाहू. शहापूरकडचं जंगलासकट ४० चौरस किलोमीटरचं एक गाव चार पिक्सेलांवर पसरलंय असं धरा. पहिल्या पिक्सेलमध्ये १८ चौरस किलोमीटर आणि मोसमाचा पाऊस २,५०० मिमी, दुसऱ्यात १२ आणि २,६००, तिसऱ्यात ६ आणि ३,१००, चौथ्यात ४ आणि ३,०००. पहिल्या दोघांचेच मध्यबिंदू हद्दीत आहेत. मध्यबिंदूच्या पद्धतीने सरासरी येते २,५५० मिमी. क्षेत्राचं वजन दिलं तर २,६७०. आणि 'रिकामे रकाने नकोत' म्हणून कोणी `all_touched=True` लावलं, तर हद्दीला शिवणारे चारही पिक्सेल सारख्याच हक्काने मोजले जाऊन २,८०० होतात. गाव तेच, रास्टर तेच, आणि अंतर अडीचशे मिमीचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस थोड्या अंतरात झपाट्याने बदलतो, त्यामुळे शहापूर-मुरबाडमध्ये हा फरक जास्त जाणवतो.

सगळ्या गावांना एकच न्याय हवा असेल तर क्षेत्राच्या वजनाची पद्धत सरसकट लावा. पायथनमध्ये ती अशी:

```
from exactextract import exact_extract
df = exact_extract("paus.tif", "gaave.gpkg",
                   ["mean", "count"],
                   include_cols=["vcode"], output="pandas")
```

`vcode` च्या जागी तुमच्या फाइलमधला जनगणनेचा गाव-कोड घाला. नावावर भिस्त ठेवू नका, एकाच नावाची गावं जिल्ह्यात एकाहून जास्त असू शकतात.

काहीजण यावर तोडगा म्हणून रास्टरच बारीक करतात: बायलिनिअर रीसॅम्पलिंगने शंभर मीटरचे पिक्सेल पाडायचे आणि मग सरासरी काढायची. नकाशा मखमली दिसतो, प्रत्येक गावाला वेगळा आकडा मिळतो, साहेब खूश होतात. पण तो फरक पावसाने पाडलेला नसतो, शेजारच्या दोन पिक्सेलांमध्ये गणिताने ओढलेली ती उतरंड असते. तसा तक्ता देण्यापेक्षा दहा गावांपुढे एकच आकडा दिलेला बरा.

रकाने रिकामे येण्याचं आणखी एक कारण असतं, आणि दोन्हींची गल्लत होते. फक्त लहान गावं रिकामी असतील तर मध्यबिंदूचा प्रश्न. सगळीच गावं रिकामी असतील तर बहुधा हद्दी `EPSG:32643` मध्ये, म्हणजे मीटरमध्ये, आणि रास्टर अंशांत आहे. क्यूजीआयएस हे स्वतः जुळवून घेतं, `rasterstats` घेत नाही. अशा वेळी हद्दींचं प्रोजेक्शन बदला, रास्टरचं नको. रास्टर वळवलं की पिक्सेल नव्याने मांडले जातात आणि मूळ किमती हलतात.

आता किनाऱ्याकडे, उत्तनच्या बाजूला. चिर्प्समध्ये समुद्रावर पाऊस नसतो, तिथे -९९९९ भरलेलं असतं. ही 'माहिती नाही'ची खूण आहे हे फाइलमध्ये नोंदलेलं नसेल, तर साधन तिला पाऊसच समजतं. गावाचा तीन टक्के भाग समुद्राच्या पिक्सेलमध्ये आणि बाकी ठिकाणी जुलैचा पाऊस ९०० मिमी असेल, तर वजनी सरासरी येते सुमारे ५७३. उणे आकडा आला असता तर कोणीही थबकलं असतं, ५७३ कडे मात्र कोणी वळूनही बघत नाही. जून ते सप्टेंबरचे चार रास्टर बेरजेला घेतलेत तर खूण -३९,९९६ होते, आणि मग नंतर -९९९९ वगळूनही उपयोग नाही. म्हणून बेरजेच्या आधीच, प्रत्येक फाइलवर:

```
gdalinfo paus.tif
gdal_edit.py -a_nodata -9999 paus.tif
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `NoData Value=-9999` दिसत असेल तर दुसरीची गरज नाही.

'एकूण पाऊस हवाय' म्हणून `sum` निवडणं ही चूक समजावायला सोपी, पण वारंवार दिसते. `sum` पिक्सेलांची बेरीज करतं, दिवसांची नाही. मोठं गाव जास्त पिक्सेल व्यापतं म्हणून त्याचा पाऊस जास्त, असा विनोदी निकाल त्यातून निघतो. मोसमाची बेरीज आधी रास्टरवर करायची, मग गावाची `mean` काढायची. तालुक्याची सरासरी हवी असेल तर गावांच्या सरासऱ्यांची साधी सरासरी नको, तालुक्याच्या हद्दीवरच पुन्हा `mean` चालवा.

आणि हा तक्ता अतिवृष्टीच्या कामाला लावू नका. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि ते महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून ठरतं. पिक्सेलची किंमत २९ चौरस किलोमीटरची असते, एखाद्या जागी झालेली जोरदार सर तिच्यात विरघळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला ७५ मिमीही नव्हता. ०.२५ अंशांच्या एका चौकोनाची लांबी जवळजवळ तेवढीच आहे, जेवढं या दोन केंद्रांमधलं अंतर. महिन्याच्या किंवा मोसमाच्या सरासरीला हा तक्ता चालेल, आकडे दहा मिमीपर्यंत पूर्ण करून द्या आणि `count` चा रकाना शेजारी राहू द्या.