दूध स्टीम करताना या चुका टाळा, हंस नंतर काढा

कॉफी करायला शिकणाऱ्या नवीन पोरांना पहिल्याच दिवशी कपात दुधाच्या फेसानं हंस काढायचा असतो. मनगट कसं हलवायचं ते विचारतात, आणि दूध स्टीम करायच्या भांड्यात, म्हणजे पिचरमध्ये बघावं तर वाटाण्याएवढे बबल्स. अशा दुधात कुणाचंच डिझाईन उठत नाही भावा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटपर्यंत दुधात हवा घेत बसणं. हवा घ्यायची ती दूध गार असतानाच. फ्रिजमधलं दूध पिचरच्या चोचीच्या मुळापर्यंत घ्या, मशीनच्या वाफेच्या नळीतलं, म्हणजे वाँडमधलं पाणी आधी उडवून टाका, टोक दुधाच्या जेमतेम खाली ठेवा. कागद फाटल्यासारखा हलका आवाज आला पाहिजे, किंचाळी नको. पिचर हाताला कोमट लागलं, म्हणजे साधारण ३५-३७ डिग्री, की टोक थोडं खाली घालायचं, आवाज जवळपास बंद, दूध गरगर फिरलं पाहिजे, त्या फिरण्यातच मोठे बबल्स मोडतात. ६०-६५ डिग्रीला स्टीम बंद. ७० च्या वर गेलं की गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत रविवारच्या गर्दीत एक पोरगा उरलेल्या स्टीम केलेल्या दुधातच गार दूध ओतून परत स्टीम करत होता. वाचवतोय म्हणे! सुरुवातच कोमट दुधानं, मग हवा घ्यायला वेळच उरत नाही, म्हणून हा गडी ६० च्या पुढंही फसफस चालूच ठेवायचा. वर कडक फेस, खाली पातळ दूध, गिऱ्हाईक चमच्यानं फेस बाजूला काढून पीत होतं. मी पिचर रिकामं करून गार पाण्यानं धुवायला लावलं, एका कपापुरतंच ताजं दूध घेतलं, आणि तोच हात, तेच मशीन, पुढच्या कपात दूध चकचकीत.

वाँड लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि परत वाफ सोडा, वाळलं की खरवडत बसाल.

ओतताना सगळे घाबरून उंचावरूनच ओततात. उंचावरनं दूध क्रेमाच्या, म्हणजे कॉफीवरच्या तपकिरी फेसाच्या खाली जातं, पांढरं दिसतच नाही. अर्धा कप भरेपर्यंत उंच ठीक, मग कप तिरका करून चोच कॉफीला टेकेल इतकी खाली आणा, धार वाढवा, पांढरा गोल उमटला की पिचर उचलून बारीक धारेनं मधून कापा. झाला बदाम.

रोजचा सराव: आधी गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून स्टीम करा, फेस बराचसा दुधासारखाच वागतो आणि खर्च शून्य. चार-पाच वेळा झालं की पिचर आणि वाँड नीट धुऊन दुधाचे दोनच कप, दोन्हीत बदामच. गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध प्यायला नाद खुळा, पण शिकताना रोज एकाच प्रकारचं पिशवीचं दूध घ्या, नाहीतर हात चुकला की दूध बदललं ते कळणारच नाही.