औषधामुळे रक्तदाब वाढला आहे का, हे कसे ओळखावे

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे डोकेदुखी किंवा गरगरण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. समजा, 46 वर्षांच्या एका बाईंना नैराश्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन 75 मिलिग्रॅम सुरू केले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 122/78 होता. पुरेसा गुण न आल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने 225 पर्यंत नेली आणि सहा आठवड्यांनी दवाखान्यात 148/94 असा आकडा आला.

पहिले काम म्हणजे औषधे आणि तारखा एका कागदावर मांडणे. औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली आणि त्याआधीचा रक्तदाब किती होता, हे त्यात असावे. सर्दीच्या गोळ्या आणि वेदनाशामके लोक हमखास विसरतात. तीही लिहावीत, कारण त्यांतील काहींनी रक्तदाब वाढतो.

मग सात दिवस घरी मोजणी करावी. पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळी औषधांपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती 135/85 किंवा त्याहून अधिक असेल, तर रक्तदाब खरोखर वाढलेला आहे. आकडा 180/120 च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर सरासरीसाठी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि मात्रा जास्त तशी रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त, म्हणून डॉक्टर आधी 225 ची खरोखर गरज आहे का, हे पाहतात. 150 वर मन स्थिर राहत असेल, तर तेवढ्यावर भागते. नसेल, तर हळूहळू सर्ट्रॅलिन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाकडे वळवतात किंवा मात्रा तीच ठेवून रक्तदाबाची गोळी जोडतात. गुण आलेले औषध आकड्यापायी मोडण्यापेक्षा हा शेवटचा मार्ग कित्येकदा शहाणपणाचा ठरतो.

प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने शरीरात मीठ आणि पाणी साठते, तेव्हा मूळ आजाराला झेपेल तितकी मात्रा उतरवतात. पण काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीरात कॉर्टिसॉल हे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे तोवर मंदावलेले असते.

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात त्या टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिननेही रक्तदाब वाढतो, पण त्यांच्याबाबत मोकळीक आणखी कमी, कारण मात्रा फार उतरली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. म्हणून बहुधा रक्तदाबाचे औषध जोडतात आणि त्यासाठी अनेकदा अॅम्लोडिपिन निवडतात. डिल्टियाझेम हे रक्तदाबाचे दुसरे औषध दिल्यास टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते, त्यामुळे डिल्टियाझेम सुरू करताना आणि बंद करतानाही ते प्रमाण पुन्हा तपासून टॅक्रोलिमसची मात्रा जुळवावी लागते.