‘म्हणजे काय’ची पानं लिहिताना या चुका टाळा: एसआयपीच्या एका व्याख्येची दुरुस्ती

वैयक्तिक अर्थकारणावरच्या मराठी लेखांचं संपादन करताना पुढचा परिच्छेद माझ्या टेबलावर इतक्या वेळा येतो, की आता तो पाठ झालाय:

“आजच्या महागाईच्या काळात प्रत्येकालाच भविष्याची चिंता असते. अशा वेळी गुंतवणुकीचा उत्तम पर्याय म्हणजे SIP. ही सर्वात लोकप्रिय आणि सुरक्षित गुंतवणूक योजना असून फक्त ५०० रुपयांपासून सुरुवात करून तुम्ही करोडपती होऊ शकता.”

लेखकाची तक्रार अशी, की पान गूगल शोधाच्या पहिल्या पानावर दिसतं, पण निकालांच्या वर जी उत्तराची चौकट येते, म्हणजे फीचर्ड स्निपेट, तिथे दुसऱ्याच कुणाचा मजकूर असतो. दोष कुठे आहे ते शोधण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. चौकटीतला मजकूर बहुतेक वेळा पहिल्या पानावरच्या निकालांतूनच उचललेला असतो. पान शोधात कुठे दिसतं ते सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या प्रश्नासाठी तुमचं सरासरी स्थान तिसावं-चाळिसावं असेल, तर पहिलं वाक्य कितीही घासलं तरी चौकट मिळणार नाही. तो आजार वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. पुढचं सगळं, पान वर आलंय पण उत्तर उचललं जात नाही, अशा वेळचं आहे.

शीर्षकात सगळं कोंबणं

या लेखाचं मूळ शीर्षक होतं: “SIP म्हणजे काय? फायदे, तोटे, प्रकार, कॅल्क्युलेटर, टॉप १० फंड – संपूर्ण माहिती मराठीत”. शोधाच्या निकालात शीर्षक पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं, त्यामुळे मोबाइलवर यातलं निम्मंच दिसतं. शिवाय गूगल `<title>` मधलं शीर्षक जसंच्या तसं दाखवेलच असं नाही. शीर्षक फार लांब, शब्दांनी ठासलेलं किंवा पानाशी विसंगत वाटलं तर पानावरच्या मुख्य मथळ्यातून किंवा इतर ठिकाणाहून ते वेगळं जुळवतं. या लेखाचा मुख्य मथळा होता “श्रीमंतीचा राजमार्ग!”. म्हणजे गूगलला पर्यायी शीर्षक हवं असतं, तर हाती काय लागलं असतं बघा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. लोक `sip mhanje kay` टाइप करतात, `sip म्हणजे काय` करतात आणि ‘एसआयपी म्हणजे काय’ही करतात. यातलं कोणतं रूप तुमच्या वाचकांचं आहे ते अंदाजाने ठरवू नका. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात ते पान निवडा, क्वेरींच्या यादीला एकदा ‘म्हणजे’ आणि एकदा `mhanje` अशी गाळणी लावा, कोणत्या रूपाला जास्त इंप्रेशन्स आहेत, म्हणजे पान जास्त वेळा दिसलंय, ते बघा. आमच्या लेखाला लॅटिन अक्षरांतलं SIP जास्त येत होतं, म्हणून शीर्षकात ते ठेवलं आणि मथळा व पहिलं वाक्य देवनागरीत. दुरुस्तीनंतर पानाचा वरचा भाग असा झाला:

```html
<title>SIP म्हणजे काय? हप्ता, युनिट आणि परतावा</title>
<h1>एसआयपी म्हणजे काय?</h1>
<p>एसआयपी म्हणजे बँक खात्यातून ...</p>
```

मथळ्यात प्रश्न आणि लगेच खाली उत्तर, मध्ये काही नाही. पूर्वी तिथे लेखकाचा फोटो, एक जाहिरात, अनुक्रमणिका आणि महागाईच्या काळाचं ते पुराण होतं.

जात चुकवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. व्याख्येची रीत जुनीच आहे: आधी वस्तू कोणत्या जातीची ते सांगायचं, मग त्या जातीतल्या इतरांपेक्षा ती वेगळी कशी ते. लेखकाने एसआयपीची जात सांगितली ‘योजना’. एसआयपी योजना नाही. योजना असते म्युच्युअल फंडाची. एसआयपी ही त्या योजनेत पैसे भरण्याची पद्धत. हा किस काढण्याचं कारण असं, की जात चुकली की पुढचं सगळं चुकतं. एसआयपीला ‘योजना’ म्हटलं की तिला ‘सुरक्षित’ म्हणता येतं, तिचा ‘परतावा’ सांगता येतो. पद्धत म्हटलं की लगेच कळतं, हप्ता शेअर बाजारातल्या फंडात जातोय की रोखे घेणाऱ्या फंडात, यावर जोखीम ठरणार. “एसआयपीत पैसे टाकले आणि बुडाले” असं सांगणारे भेटतात. त्यांनी कोणता फंड घेतला होता हे विचारलं की अनेकांना आठवत नाही. त्याचा थोडा दोष अशा व्याख्यांकडे जातो.

व्याख्या तपासायला मी एक साधी युक्ती वापरतो. वाक्यातला मुख्य शब्द काढून शेजारचा टाकायचा. मूळ वाक्यात SIPच्या जागी ‘आरडी’ टाका: “आरडी ही सर्वात लोकप्रिय आणि सुरक्षित गुंतवणूक योजना आहे.” वाक्य आरामात बसतं, उलट जास्तच खरं ठरतं! म्हणजे त्यात एसआयपीची व्याख्या नव्हतीच. आता पहिली दुरुस्ती बघा: “एसआयपी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत.” जात बरोबर आली, पण आरडी अजून बसते. ‘म्युच्युअल फंडात’ घातलं की आरडी बाहेर पडते. तरी एसटीपी आत राहते, कारण तिथेही ठरावीक रक्कम ठरावीक अंतराने फंडात जाते, फक्त ती दुसऱ्या फंडातून येते. ‘बँक खात्यातून’ लिहिलं की तीही बाहेर. ‘दरमहा’ मात्र पक्कं नाही, कारण साप्ताहिक आणि तिमाही एसआयपीही असतात. म्हणून ‘ठरावीक अंतराने, बहुधा दरमहा’. शेवटी हाती आलं ते असं:

“एसआयपी म्हणजे बँक खात्यातून ठरावीक रक्कम ठरावीक अंतराने, बहुधा दरमहा, म्युच्युअल फंडाच्या निवडलेल्या योजनेत गुंतवण्याची पद्धत. प्रत्येक हप्त्याला त्या दिवसाच्या भावाने फंडाचे युनिट मिळतात. एसआयपी स्वतः योजना नाही; परतावा निवडलेल्या फंडावर अवलंबून असतो आणि त्याची हमी नसते.”

हे चाळीस शब्दांच्या आत आहे. गूगलने लांबीचा नियम कुठे घालून दिलेला नाही, पण चौकटीत येणारे परिच्छेद साधारण एवढेच असतात आणि शेपूट कधीकधी कापलं जातं. म्हणून पहिलं वाक्य एकटं उरलं तरी खरं राहिलं पाहिजे. दुसऱ्या वाक्यात ‘भावाने’च्या जागी मी आधी ‘एनएव्हीप्रमाणे’ लिहिलं होतं, ते खोडलं. एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव. ज्याला एसआयपी माहीत नाही त्याला एनएव्ही माहीत असेल ही अपेक्षा कशाला? तो शब्द पुढच्या परिच्छेदात उदाहरणासह आला: हप्ता ५,००० रुपये, एनएव्ही ५० असेल तर १०० युनिट, ४० असेल तर १२५.

‘ही’ने सुरुवात

मथळा “एसआयपी म्हणजे काय?” आणि खाली “ही एक अशी पद्धत आहे ज्यामध्ये…”. पानावर वाचताना काही खटकत नाही, मराठीत आपण असं बोलतोच. पण परिच्छेद पानातून उचलून एकटा ठेवला की ‘ही’ कोण ते कळत नाही. वाक्यात नाव आलंच पाहिजे, आणि शक्यतो ‘म्हणजे’ही. तपासायला परिच्छेद मोबाइलवरून घरच्या कुणाला नुसता पाठवून द्या, “कशाबद्दल आहे?” असं उत्तर आलं तर वाक्य परत लिहा.

नासणारे आकडे पहिल्या वाक्यात

इथे पीपीएफचं उदाहरण जास्त बोलकं आहे. एप्रिल २०२० मध्ये पीपीएफचा व्याजदर ७.९ टक्क्यांवरून ७.१ वर आला. त्याआधी ज्यांनी “पीपीएफ ही ७.९% व्याज देणारी सरकारी योजना” अशी व्याख्या केली होती, त्यांचं पहिलंच वाक्य एका रात्रीत खोटं झालं. आणि चौकटीत असेल तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खोटं. व्याख्येत “व्याजदर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करतं” एवढंच पुरतं. आकडा खाली, कोणत्या तिमाहीचा ते लिहून. पंधरा वर्षांची मुदत मात्र पहिल्या वाक्यात खुशाल घ्या, ती योजनेची ओळखच आहे.

करांच्या कलमांचंही तेच. ‘८०सी’ हा आकडा पिढ्यान् पिढ्या टिकेल असं वाटायचं, पण आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांकच बदलले. शीर्षकातल्या सालाबद्दल वेगळं काय सांगू? व्याख्येच्या पानाला साल लावणं म्हणजे दर जानेवारीला स्वतःला शिळं म्हणवून घेणं.

एसआयपीच्या मूळ वाक्यातले ५०० रुपये याच कारणाने गेले. किमान हप्ता फंडागणिक वेगळा असतो, १०० रुपयांचीही एसआयपी असते. ‘करोडपती’ का गेला ते सांगायला नको.

सगळं ठीक, तरी उचललं जात नाही

मग बघायचं ते पानाच्या कोडमध्ये. पानाचा उतारा दाखवू नको असं गूगलला सांगणारं `nosnippet` असेल तर चौकटीचा प्रश्नच मिटला. उताऱ्याची कमाल लांबी ठरवणाऱ्या `max-snippet` ला फार लहान आकडा दिला असेल तरी बहुधा तेच. तो आकडा अक्षरांचा असतो, शब्दांचा नव्हे, आणि ५० म्हणजे आपल्या व्याख्येचं अर्धं वाक्यसुद्धा नाही. कधी थीम बनवणाऱ्याने सूचनापट्टीसाठी लावलेलं `data-nosnippet` चुकून अख्ख्या मजकुराच्या `div` ला लागलेलं असतं. आमच्याकडे एका पानावर नेमकं हेच निघालं. तोवर दोघांनी मिळून पहिलं वाक्य सहा वेळा बदललं होतं. व्याख्या रंगीत चित्रात लिहून खाली तीच अक्षरांत न देणं, हीसुद्धा नेहमीची गोष्ट. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये क्रॉल झालेलं, म्हणजे गूगलने वाचून नेलेलं, पान उघडून व्याख्येचे दोन शब्द शोधा. ते तिथे नसतील तर गूगलला ते दिसलेलेच नाहीत.

बदल केल्यावर पान पुन्हा क्रॉल होईपर्यंत हात लावू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सर्च कन्सोलमध्ये फीचर्ड स्निपेटसाठी वेगळी गाळणी नाही, त्यामुळे चौकट मिळाली की नाही हे खाजगी विंडोत तिन्ही रूपांनी प्रश्न टाकून स्वतःच बघावं लागतं. चौकटीतल्या दुव्यावर टिचकी मारल्यावर पान बरेचदा थेट त्या वाक्यापाशी उघडतं आणि पत्त्यात `#:~:text=` दिसतं. त्यावरून नेमका कोणता मजकूर उचलला ते कळतं. आमच्या पानाचं पहिल्यांदा उचललं गेलं ते व्याख्येचं वाक्य नव्हतंच. खाली प्रश्नोत्तरांत कुणीतरी लिहून ठेवलेलं “SIP ही योजना…” तसंच राहून गेलं होतं.