समासातल्या नोंदी निबंधात उतरत नाहीत? या चुका टाळा

पुस्तक उघडावं तर पानं पिवळीजर्द, समास गच्च भरलेला. त्याच विद्यार्थ्याचा निबंध वाचावा तर नुसती गोष्ट सांगितलेली. शिकवताना हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते. नोंदीच अशा केलेल्या असतात की त्यांतून निबंध निघू शकत नाही.

आपल्या नोंदी कशा आहेत हे तपासायची एक सोपी रीत आहे. मजकुरावर कागद ठेवा आणि फक्त समास वाचा. गोष्ट आठवली पण लेखनाबद्दल एकही मत सापडलं नाही, तर तो समास म्हणजे सारांश आहे.

चूक: नोंदीऐवजी लेबल लावणं

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. एक उदाहरण रचून दाखवतो. समजा, नेमलेल्या कथेत ४थ्या पानावर मुलगा घर सोडून निघाला आहे. आई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणते, "दार उघडंच आहे." १९व्या पानावर तो काही वर्षांनी परत येतो. आई आतून तेच वाक्य म्हणते, पण दाराला कडी असते आणि ती काढायला तिला उठावं लागतं.

बहुतेक समासांत इथे "आई कठोर", "दार = प्रतीक", "पुनरावृत्ती" असं लिहिलेलं असतं. यातलं काहीच चुकीचं नाही, पण त्यापुढे वाक्य सरकत नाही. दार प्रतीक आहे, बरं, मग? परीक्षेत हा "मग?" सोडवायला वेळ नसतो, म्हणून विद्यार्थी गोष्ट सांगत सुटतो.

नोंदीत क्रियापद असलं पाहिजे, आणि ती क्रिया लेखनाची किंवा पात्राची हवी. ४थ्या पानावर असं लिहा: "परवानगी देत नाही, अडवतही नाही, निर्णय मुलावर ढकलते. मान खाली, म्हणजे चेहरा आपल्यालाही दिसू दिलेला नाही." १९व्या पानावर: "तेच शब्द, पण कडी लावलेली. बोलणं आणि वागणं आता जुळत नाही."

नोंद लांबली तरी चालेल. पानावर अशा दोनच झाल्या तरी पुष्कळ.

चूक: पानं एकमेकांशी न जोडणं

वरच्या दोन नोंदी वेगवेगळ्या राहिल्या तर त्यांतून दोन सुटी वाक्यं मिळतात. म्हणून ४थ्या पानाच्या समासात "→ १९" आणि १९व्यावर "← ४" लिहा. मग पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ: "आईचं बोलणं विरुद्ध वागणं: ४, १९". अशा पाच-सहा ओळी जमल्या की निबंधाचे मुद्दे जवळजवळ तयार असतात.

आता प्रश्न आला, "या कथेतील आईचे चित्रण कसे केले आहे?" त्या जोडीतून परिच्छेद असा सुरू होतो: "आई मुलाला थांबवत नाही, पण मोकळंही सोडत नाही. 'दार उघडंच आहे' हे वाक्य ती दोनदा उच्चारते. पहिल्यांदा त्यातून निर्णय मुलावर येतो, दुसऱ्यांदा लावलेली कडी तेच वाक्य खोटं पाडते." प्रश्न "घर सोडणे" या विषयावर असता तरी हीच जोडी चालली असती, फक्त सुरुवात मुलाच्या बाजूने झाली असती. म्हणूनच नोंदी एका ठरावीक प्रश्नासाठी करू नका.

चूक: पहिल्याच वाचनात लिहायला बसणं

पहिल्या वाचनात १९वं पान माहीतच नसतं, त्यामुळे ४थ्या पानावरचं वाक्य साधं वाटतं आणि भलतंच काहीतरी अधोरेखित होतं. पहिल्यांदा वाचताना फक्त खटकलं तिथे पेन्सिलीने टिंब द्या. शब्द दुसऱ्या वाचनात लिहा. काही टिंबं तशीच राहतील, राहू द्या. हायलायटरचं काय, असं मुलं विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: तो बाजूला ठेवा. रंग लावला की काम झाल्यासारखं वाटतं, आणि ती ओळ का निवडली हे महिन्याभराने आठवत नाही.

पुस्तक परीक्षेत जवळ ठेवता येणार नसेल, तर अवतरण निवडताना लांबी पाहा. "दार उघडंच आहे" हे तीन शब्द पाठ राहतात, आख्खा परिच्छेद राहत नाही. नोंदीत नेमके तेवढेच शब्द गोल करा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर त्यावर लिहू नका. चिकटचिठ्ठीवर नोंद आणि पान क्रमांक लिहा, आणि पुस्तक परत करताना त्या चिठ्ठ्या क्रमाने वहीत चिकटवा. बाणांसाठी पान क्रमांक असतातच, त्यामुळे जोड्या तुटत नाहीत.