उधारीत ३,६०० रुपये जास्त कुठून आले

मस्जिद बंदरला एका होलसेलवाल्याचं अकाउंट बघतो, तिथे पार्ट्यांची खाती वेगळ्या एक्सेलमध्ये आहेत. म्हणून मी डेटर्स कंट्रोल अकाउंट, म्हणजे सगळ्या पार्ट्यांच्या उधारीचं मिळून एकच खातं, नुसत्या रजिस्टरच्या टोटलवरून बनवतो, पार्ट्यांच्या खात्यांना हातच लावत नाही, नाहीतर टॅली करून उपयोग काय?

ओपनिंग ४,१०,०००, त्यात उधार विक्री ६,३५,००० मिळवली, वसुली ५,२०,००० आणि माल परत १५,००० वजा केला, राहिले ५,१०,०००. पार्ट्यांच्या बाकीची बेरीज मात्र ५,१३,६००!

३,६०० ला ९ ने भाग जातो म्हणून आधी वाटलं आकडे उलटसुलट झाले असणार, ८,४०० चे ४,८०० वगैरे, पण वसुलीच्या सगळ्या एन्ट्र्या बरोबर निघाल्या. मग फरकाचं अर्धं केलं, १,८००, आणि रिटर्न रजिस्टरमध्ये तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट सापडली, जी पार्टीच्या खात्यात क्रेडिटऐवजी डेबिटला पडलेली. चुकीच्या बाजूला गेलं की फरक डबल दिसतो ना.

क्रेडिटर्सचंही असंच, फक्त बाजू उलट, खरेदी क्रेडिटला आणि पेमेंट, परतीचा माल डेबिटला.

पण एक आहे हां, शहांचं पेमेंट मेहतांच्या खात्यात टाकलं तर बेरीज तीच राहते, कंट्रोल अकाउंट गप्प बसतं. आणि बिल रजिस्टरलाच चढलं नसेल तर दोन्हीकडे नसतं. त्यासाठी पार्टीकडून स्टेटमेंट मागवूनच जुळवावं लागतं.